‘१२ ने जास्त’ की ‘१२ जास्त’: शाब्दिक उदाहरणे मराठीत आणताना ठेवलेल्या नोंदी

१४ जून २०२५, डिचोली

इंग्रजी शाब्दिक उदाहरणांचा संच हातात आला. तिसरी ते सहावीसाठीचा आहे, पण आम्ही आधी चौथीची पाने घेणार. कारण साधे आहे. आमच्याकडच्या सरकारी मराठी शाळांतली मुले घरी कोंकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठीतून शिकतात आणि पाचवीपासून बहुतेकांचे माध्यम इंग्रजी होते. म्हणजे चौथीच्या पोराला गणिताचा एकच विचार तीन भाषांतून पार न्यायचा असतो. त्याला मधली भाषा डळमळीत मिळाली तर पुढचे सगळेच डळमळते.

पाने प्रकरणांच्या क्रमाने वाटून घ्यायची असे ठरले होते. मी ते बदलायला सांगितले. बेरजेची उदाहरणे एकाकडे आणि वजाबाकीची दुसऱ्याकडे दिली, की एकाच घडणीचे वाक्य दोन हातांतून दोन तऱ्हांनी उतरते. त्यापेक्षा गोष्टीच्या घडणीवरून गठ्ठे केले. काहीतरी आले किंवा गेले, दोन ढीग एकत्र केले, सारखे वाटले, आणि दोघांची तुलना केली. पहिले तीन गठ्ठे मराठीत फारसा त्रास देत नाहीत. ‘होते’, ‘दिले’, ‘उरले’, ‘मिळून’, ‘प्रत्येकी’ ही क्रियापदे आणि शब्द मुलांच्या तोंडातले आहेत.

तुलनेचा गठ्ठा मी, पेडण्याच्या बाई आणि फोंड्याचे सर यांनी घेतला.

१५ जून

वाटण्याच्या गठ्ठ्यातली एक गोष्ट इथे टिपून ठेवतो, नाहीतर विसरायला होईल. बोलताना आपण सहज म्हणतो, प्रत्येक टोपलीत आठ-आठ नारळ ठेवले. मराठीला हे द्विरुक्तीचे वळण फार आवडते. पण तेच आकड्यांत छापले तर ‘८ ८ नारळ’ होते आणि पोर अठ्ठ्याऐंशी वाचते. म्हणून छापील उदाहरणात ‘प्रत्येक टोपलीत ८ नारळ’. वर्गात बाईंनी तोंडाने आठ-आठ म्हणावे की.

आकडे अंकांतच ठेवायचे, अक्षरांत नाही, हेही त्याच ओघात ठरले. ‘एकोणपन्नास’ वाचून ५९ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. शब्दात पन्नास ऐकू येतात आणि आधीचा ‘एकोण’ कुठल्या बाजूला ओढतो ते कळत नाही. महाराष्ट्रात २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! त्या वादात मला शिरायचे नाही. पण तुलनेचे उदाहरण समजले का हे तपासताना संख्यावाचनाची परीक्षा मध्ये येऊ नये, एवढेच.

२१ जून

आजचा सगळा वेळ एका उदाहरणावर गेला आणि तो जायलाच हवा होता.

मूळ गोष्ट अशी. एका मुलाने सफरचंदे तोडली, ४८. ही संख्या त्याच्या बहिणीने तोडलेल्यांपेक्षा १२ ने अधिक आहे. दोघांची मिळून किती? सफरचंदांच्या जागी काजूचे बोंडू घातले, मुलाचे नाव साईश आणि बहीण तन्वी. फोंड्याच्या सरांचा पहिला मसुदा:

‘साईशने ४८ बोंडू गोळा केले. हे तन्वीने गोळा केले त्यापेक्षा १२ अधिक आहेत. दोघांनी मिळून किती बोंडू गोळा केले?’

मोठ्या माणसाला यात खटकण्यासारखे काही नाही. पण दोन ठिकाणी पोर अडखळेल. ‘हे’ म्हणजे कोण? इंग्रजीत असले सर्वनाम मागच्या आख्ख्या वाक्याकडे बोट दाखवते. मराठी ‘हे’ला जवळचे नाम लागते, आणि इथे जवळचे नाव तन्वीचे आहे. दुसरे म्हणजे ‘अधिक’. आमच्या वर्गांत ‘+’ या चिन्हाचे नावच ‘अधिक’ आहे. पाच अधिक तीन, आठ. उदाहरणात ‘१२ अधिक’ आले की पोराचा हात आपोआप बेरजेकडे जातो. आणि इथे तन्वीचे बोंडू काढायला तर वजाबाकी हवी.

पेडण्याच्या बाईंनी ते सरळ केले:

‘साईशने ४८ बोंडू गोळा केले. तन्वीने साईशपेक्षा १२ बोंडू कमी गोळा केले. दोघांनी मिळून किती बोंडू गोळा केले?’

ऐकायला किती छान! कुठेही अडत नाही. पण हे वेगळेच उदाहरण झाले. मुळात ‘जास्त’ हा शब्द आहे आणि करायची आहे वजाबाकी. पोराने शब्दावर उडी न मारता, कोणाचे कोणापेक्षा जास्त ते आधी लावून घ्यावे, हेच त्या उदाहरणाचे काम आहे. बाईंच्या वाक्यात ‘कमी’ दिसते आणि वजाबाकीच करायची असते, त्यामुळे विचाराची पायरी गळून पडते. तुलनेच्या उदाहरणांवर १९८७ मध्ये लुईस आणि मेयर यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात हाच फरक मांडला होता. शब्द आणि क्रिया एका दिशेने असतील तर चुका कमी, विरुद्ध दिशेने असतील तर जास्त, आणि ती चूक बहुधा उलटी क्रिया करण्याची असते.

भाषांतराच्या गोडीपायी सोपे झालेले उदाहरण ओळखणे फार कठीण, कारण त्यात चूक दिसतच नाही. वाचणारा खूश होतो, मूल बरोबर उत्तर काढते आणि मूळ उदाहरण कशासाठी होते ते हरवलेले कोणाच्या ध्यानात येत नाही.

संध्याकाळी ठरलेले वाक्य:

‘साईशने ४८ बोंडू गोळा केले. साईशचे बोंडू तन्वीच्या बोंडूंपेक्षा १२ ने जास्त आहेत. दोघांनी मिळून किती बोंडू गोळा केले?’

साईशचे नाव दोनदा येते, बोंडू चारदा. निबंधात हे चालले नसते. इथे ‘तो’, ‘ती’, ‘त्याचे’ यांच्यापेक्षा नाव परत घेतलेले बरे.

२८ जून

आता ‘पट’. संचातले दुसरे उदाहरण एका बेकरीचे आहे. त्यात दोन प्रकारचे पाव आहेत आणि एकाची संख्या दुसऱ्याच्या चौपट. बेकरी म्हटल्यावर पोदेर, म्हणजे सायकलवरून दारोदार पाव विकणारा, आलाच. पाव आणि कांकणे, म्हणजे बांगडीसारखे कडक पाव, घेतली. पोळीही सुचली होती, पण ती लगेच बाद केली. गोव्यात पोदेराची पोळी म्हणजे कोंड्याचा पोकळ पाव आणि मराठीच्या पुस्तकातली पोळी म्हणजे तव्यावरची गव्हाची. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या डोळ्यांसमोर दोन वस्तू आल्या तर गोष्ट कोणाची?

‘पोदेराने २४० पाव भाजले. पावांची संख्या कांकणांच्या संख्येच्या चौपट आहे. पाव आणि कांकणे मिळून किती?’

इथे ‘कांकणांपेक्षा चार पटींनी जास्त’ असे लिहायची सर्वांनाच सवय. वर्तमानपत्रांत रोज असते. पण चार पटींनी जास्त म्हणजे चारपट, की एक मूळ आणि वर आणखी चार, म्हणजे पाचपट? इंग्रजीतही हा घोळ आहेच, म्हणून तिथून तो जसाच्या तसा उतरतो. चौपट धरले तर कांकणे ६० आणि एकूण ३००. पाचपट धरले तर कांकणे ४८ आणि एकूण २८८. दोन्हीकडे भाग नीट जातो, म्हणजे आकडेही पोराला सावध करत नाहीत.

त्यामुळे दोन साचे ठरवले आणि ते आमच्या सगळ्या पानांवर कडक पाळायचे. फरक सांगायचा असेल तर ‘पेक्षा’ आणि ‘जास्त’ किंवा ‘कमी’. पट सांगायची असेल तर ‘च्या’ आणि ‘दुप्पट’, ‘तिप्पट’, ‘चौपट’. ‘पेक्षा’ आणि ‘पट’ एका वाक्यात कधीही नाही. ‘तिप्पट कमी’ तर नाहीच नाही. तसे मूळ वाक्य आले तर मोठी बाजू कर्ता करून ‘च्या तिप्पट’ म्हणायचे, पण मग उदाहरणाची दिशा फिरते का ते पाहायचे. फिरत असेल तर ‘एक तृतीयांश’ घ्यायचे आणि चौथीला तो अपूर्णांक झालेला नसेल तर उदाहरणच बाजूला ठेवायचे. एखादे उदाहरण गाळले म्हणून आभाळ कोसळत नाही.

३ जुलै

दोन्ही उदाहरणे डिचोली तालुक्यातल्या एका चौथीच्या वर्गात नेली. पावसाने निम्मा वर्ग गैरहजर. छपराच्या आवाजात बोलणेही ऐकू येईना, तरी काम झाले.

तपासायची रीत ऑस्ट्रेलियातल्या ॲन न्यूमन यांची, १९७७ ची. मुलाला एकेकटे बसवून पाच गोष्टी क्रमाने विचारायच्या. वाचून दाखव. काय विचारलंय ते सांग. कसे सोडवशील? आता सोडव. उत्तर लिही. मूल ज्या पायरीवर अडते तिथे कारण शोधायचे. वाचताना अडले तर शब्द अवघड. ‘काय विचारलंय’ला अडले तर वाक्य बिघडलेले, म्हणजे ते आमच्या पदरात. चौथ्या पायरीला अडले तर वजाबाकी कच्ची, त्यात भाषांतराचा दोष नाही. घोटाळा तिसऱ्या पायरीचा. गोष्ट कळली, पण कुठली क्रिया करायची ते कळले नाही. ते गणिताचेही असू शकते आणि वाक्याचेही. तिथे मुलाकडून दोन पट्ट्या काढून घ्यायच्या, एक साईशची, एक तन्वीची. लांब पट्टी बरोबर नावापुढे आली तर वाक्य पोचले.

बोंडूंच्या उदाहरणात अपेक्षेप्रमाणे काहींनी ४८ आणि १२ मिळवून तन्वीचे ६० केले आणि उत्तर १०८ दिले. हे जगभरच्या मुलांचे आहे. पण एका मुलीने ४८ ला १२ ने भागले. तन्वीचे ४, एकूण ५२. वही नीटनेटकी, भागाकार अचूक. मला वाटले अंदाजाने केले असेल. पट्ट्या काढायला सांगितल्या तर साईशची लांब आणि तन्वीची अगदी बोटभर. तिला विचारले, भाग का दिलास? तिने ‘१२ ने’वर बोट ठेवले.

तिचे बरोबरच होते. आम्हीच वर्षभर फळ्यावर काय लिहितो? ‘१२ ने भागा’, ‘७ ने गुणा’, ‘३ ने भाग जातो का’. संख्येला ‘ने’ लागला की पुढे गुणाकार किंवा भागाकार, हे तिने न शिकवता टिपले होते. शिवाय त्याच उदाहरणात ‘साईशने’ही आहे. एक ‘ने’ माणसाचा आणि एक संख्येचा. शेजारच्या मुलालाही विचारले. त्याने भागले नव्हते, पण ‘१२ ने जास्त’ म्हणजे काय ते त्याला सांगता येईना.

जाता जाता कांकणांचे. एका मुलाने २४० ला ४ ने गुणून ९६० कांकणे काढली, वहीत लिहिली, मग स्वतःच थांबला. ‘९६० कांकणां? सायकल मोडटली!’ म्हणाला आणि खोडून टाकली. मग परत वाक्य वाचले आणि भागाकार केला. बोंडूंच्या १०८ वर मात्र कोणीही थांबले नाही. १०८ बोंडू गोळा होऊ शकतात, त्यात हसण्यासारखे काय?

५ जुलै

दोन्ही नोंदी घेऊन बसलो. चर्चा लांबली.

पहिला निर्णय ‘ने’चा. चौथीपर्यंत फरकाच्या वाक्यात संख्येपुढे वस्तूचे नाव घालायचे आणि ‘ने’ काढायचा. ‘तन्वीच्या बोंडूंपेक्षा १२ ने जास्त’ गेले. आता नवे वाक्य: ‘साईशकडे तन्वीपेक्षा १२ बोंडू जास्त आहेत.’ १२ हे आता निव्वळ संख्या उरत नाही, हातात धरता येतील असे बारा बोंडू होतात, आणि ते साईशकडे आहेत हेही दिसते. ‘२५ ही संख्या १८ पेक्षा किती ने मोठी’ अशी शुद्ध संख्यांची वाक्ये आहेत तिथे ‘ने’ ठेवावाच लागेल. ती उदाहरणे पानाच्या शेवटी, वेगळी.

फोंड्याच्या सरांना हे पटले नाही. ‘१२ ने जास्त’ हीच पाठ्यपुस्तकाची भाषा आहे, मुलांना ती कधीतरी शिकावीच लागेल, असे त्यांचे म्हणणे. बरोबर आहे. पण ती शिकवायचा तास वेगळा असावा आणि तिथे ‘१२ ने जास्त’, ‘१२ ने गुणा’, ‘१२ ने भागा’ शेजारी शेजारी फळ्यावर यावेत. शाब्दिक उदाहरणाच्या आत लपून ती येऊ नये. शेवटी शिक्षकांच्या पानावर तीन वाक्ये एकत्र देऊ, असे म्हणून त्यांनी मान्य केले. मनापासून केले असे वाटत नाही.

दुसरा मुद्दा पोदेराच्या सायकलीने आणला. गोष्टीचा संदर्भ स्थानिक करायचा तो मुलांना जवळचा वाटावा म्हणून, असे आम्ही इतके दिवस म्हणत होतो. आता मला त्याचे दुसरे काम जास्त मोलाचे वाटते. संदर्भ असा हवा की चुकीचे उत्तर त्यात मावणार नाही. काजूचे बोंडू गोव्याचेच, पण ते कितीही असू शकतात. सायकलवरच्या टोपलीत किती कांकणे मावतात, हे मात्र पोराने रोज सकाळी दारात पाहिलेले असते. म्हणून बोंडूंच्या जागी काहीतरी मर्यादा असलेले शोधायचे. बाईंनी अंड्यांचे सुचवले, दोन कोंबड्या. ४८ अंडी दोन कोंबड्यांना जड जाईल असे सर म्हणाले आणि सगळे हसले. तूर्त बोंडू ठेवले आहेत, पण गोष्टीत ‘एका झाडाखाली’ घातले.

१२ जुलै

पैशांच्या उदाहरणांचा प्रश्न. मूळ संचात सदऱ्याची किंमत १२ डॉलर ५० सेंट, ती टोपीच्या किमतीपेक्षा ३ डॉलर ७५ सेंट जास्त. टोपीची किंमत किती? इतर भागात काम करणाऱ्यांनी सरळ १२ रुपये ५० पैसे केले होते. साडेबारा रुपयांचा सदरा कुठल्या बाजारात मिळतो? आणि ७५ पैसे मोजायचे कशाने? २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आताच्या चौथीच्या मुलांचा जन्मही त्यानंतरचा. त्यांच्यासाठी पैसे हा शब्द रुपयांचाच दुसरा उच्चार आहे.

मग कोणी म्हणाले, किंमत १२५० रुपये करा. ते वाजवी वाटते, पण उदाहरण बदलते. मुळात दोन एककांतली वजाबाकी आहे. ५० सेंटमधून ७५ जात नाहीत, म्हणून १ डॉलर सुटा करून १०० सेंट करायचे, ही खरी पायरी. १२५० मधून ३७५ वजा करताना एक एकक दुसऱ्यात फोडावे लागत नाही, साधी तीन-चार अंकी वजाबाकी होते.

किलो-ग्रॅमही चालत नाही, कारण तिथे एक किलो सुटा केला तर १००० मिळतात. डॉलर-सेंटसारखे शंभराने फुटणारे जोडीदार एकक कुठले? मीटर आणि सेंटिमीटर. तिथे आकडेही जसेच्या तसे बसले:

‘होडीचा दोर १२ मीटर ५० सेंटिमीटर लांब आहे. तो दोर जाळ्याच्या दोरापेक्षा ३ मीटर ७५ सेंटिमीटर जास्त लांब आहे. जाळ्याच्या दोराची लांबी किती?’

५० मधून ७५ जात नाहीत. १२ मीटरमधला १ मीटर सुटा केला, १५० सेंटिमीटर झाले. १५० मधून ७५ गेले, ७५ उरले. ११ मधून ३ गेले, ८ उरले. उत्तर ८ मीटर ७५ सेंटिमीटर. पायऱ्या मुळातल्या तेवढ्याच, मीटर सुटा करणे एकदाच, आणि ‘जास्त’ या शब्दाची फसवी दिशाही तशीच राहिली. बेरीज करून कोणी १६ मीटर २५ सेंटिमीटर काढले तर जाळ्याचा दोर होडीच्या दोराहून लांब होतो आणि दुसऱ्या वाक्याशी भांडतो.

‘तो दोर’ हे सर्वनामासारखेच आहे, असे बाईंनी लक्षात आणून दिले. ‘होडीचा दोर’ परत लिहिले.

यापुढे संदर्भ बदलला की त्या ओळीपुढे दोन गोष्टी लिहायच्या. हातचा किंवा सुट्टा किती वेळा, मुळात आणि मराठीत. नुसत्या गोष्टीची मापे नवी घेताना ४८ आणि १२ च्या जागी कोणी ४३ आणि १५ घातले तर वजाबाकीत दशक सुटा करावा लागतो, आणि मूल कशाने अडले ते मग सांगता येत नाही.

१६ जुलै

पेडणे तालुक्यात बाईंच्या वर्गात सुधारलेली पाने. या खेपेस मुलांनी कोंकणीत सांगितले तरी चालेल, असे आधीच सांगून टाकले होते. फरक पडला. ‘काय विचारलंय’ला एक मुलगा मराठीत नुसता उदाहरण परत वाचत होता. कोंकणीत बोल म्हटल्यावर म्हणाला, ‘साईशाकडेन चड आसात, मागीर तन्वीकडेन उणे.’ साईशकडे जास्त, मग तन्वीकडे कमी. झाले, समजले होते त्याला. मराठीत उत्तर मागितले असते तर आम्ही वाक्यालाच दोष दिला असता.

त्याचा ‘उणे’ मात्र बाईंच्या शेजारी बसलेल्या नव्या शिक्षिकेला वजा चिन्ह वाटला आणि तिने ‘बरोबर, वजाबाकी’ म्हणून शेरा मारला. त्याने क्रिया सांगितलीच नव्हती अजून. कोंकणीत उणे म्हणजे कमी, रोजच्या बोलण्यातला. मराठी गणिताच्या तासाला उणे म्हणजे चिन्ह. म्हणून छापील उदाहरणात ‘कमी’च ठेवायचे. मूल ‘उणे’ म्हणाले तर त्याला पुढे ‘मग काय करशील?’ विचारायचे. शिक्षकांच्या पानावर ही सूचना ठळक.

‘१२ बोंडू जास्त’ या वाक्यावर कोणीही भागाकार केला नाही. बेरीज करणारे अर्थात आहेत. ते असायचेच, ते शिकवायचे काम आहे.

२६ जुलै

उलटतपासणी. फोंड्याच्या सरांच्या शाळेतल्या, मूळ संच न पाहिलेल्या एका शिक्षिकेला फक्त मराठी पाने दिली आणि इंग्रजीत करायला सांगितले. मूळ पान शेजारी ठेवून वाचले. शब्द जुळतात का ते पाहायचे नव्हते. ज्याची तुलना तो कोण, ज्याच्याशी तुलना तो कोण, आणि अनोळखी संख्या दोघांतली कोणाची, एवढे तीन मुद्दे जुळले पाहिजेत.

बहुतेक ठिकाणी जुळले. एके ठिकाणी नाही: ‘म्हापशाच्या बाजारात मावशीने ३६ मानकुराद आंबे विकले. काकूने किती जास्त विकले, जर तिने ५४ विकले?’ हे आमच्यातल्याच कोणाचे तरी जुने वाक्य, इंग्रजीच्या क्रमाने चाललेले. प्रश्न मध्येच आणि माहिती ‘जर’च्या मागे. परत इंग्रजीत जाताना ‘तिने’ची मावशी झाली आणि सगळे बिघडले. मराठीत आधी दिलेले सगळे सांगून घ्यायचे आणि प्रश्न शेवटी वेगळ्या वाक्यात विचारायचा. ‘मावशीने ३६ मानकुराद विकले. काकूने ५४ मानकुराद विकले. काकूने मावशीपेक्षा किती मानकुराद जास्त विकले?’ इंग्रजीत प्रश्न आधी आला तर मुलाला थोडे जास्त डोक्यात धरावे लागते, ती अडचण इथे कमी होते हे खरे. पण ती अडचण इंग्रजी वाक्यरचनेची आहे, उदाहरणाची नाही. ती आयात करायचे कारण नाही.

२३ ऑगस्ट

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी पाने छपाईला द्यायची, म्हणून आज शेवटची बैठक. चवथीच्या सुट्टीनंतर कोणाचेही डोके ठिकाणावर नसते, हे सगळ्यांना ठाऊक.

पाचवीकडे जाणारा पूल कसा करायचा यावर थोडे बोलणे झाले. चौथीच्या शेवटच्या पानांवर आमची तेवढी दोन साच्यांची वाक्ये आणि शेजारी त्यांची इंग्रजी वाक्ये द्यायची. अडचण क्रमाची आहे. मराठीत ‘तन्वीपेक्षा’ आधी येते आणि ‘१२ बोंडू जास्त’ मागून. इंग्रजीत संख्या आणि ‘मोअर’ आधी, तन्वीचे नाव ‘दॅन’च्या मागे, अगदी शेवटी. मराठीत वाचायची सवय असलेले मूल शेवटच्या नावालाच मोठेपण देऊन बसते. म्हणून दोन्ही वाक्यांत तन्वीच्या नावाभोवती चौकट, साईशच्या नावाखाली रेघ, आणि त्यांच्याखाली तीच दोन पट्ट्यांची आकृती. पट्ट्या भाषा बदलली तरी बदलत नाहीत.

अंकांचे ठरेना. देवनागरी १ पाहून पाचवीत मुले 9 वाचतात, ५ पाहून 4 वाचतात, हे सगळ्यांनी अनुभवलेले. शेवटी आतील पाने देवनागरी अंकांत आणि पुलाची पाने इंग्रजी अंकांत, असे ठरले. एकाच पानावर दोन्ही नाहीत.

बोंडूंचे काय झाले ते लिहायचे राहिले. बाईंनी शेवटी एक जागा सुचवली. शाळेच्या सहलीच्या बसमध्ये ४८ मुले बसली, ती दुसऱ्या बसमधल्या मुलांपेक्षा १२ जास्त. दुसऱ्या बसमध्ये ६० मुले आली तर बाकी मुले उभी राहतील आणि बाई ओरडतील, हे चौथीतल्या पोराला सांगावे लागत नाही. आकडे तेच, दशक सुटा करायची गरज नाही, उत्तर ३६ आणि ८४. सरांनी एकच दुरुस्ती सांगितली, ‘ती’ काढा. ‘पहिल्या बसमध्ये ४८ मुले बसली. पहिल्या बसमध्ये दुसऱ्या बसपेक्षा १२ मुले जास्त आहेत. दोन्ही बसमध्ये मिळून किती मुले आहेत?’

बोंडू पान तेरावर गेले, एकत्र करण्याच्या गठ्ठ्यात. सहावीची उदाहरणे, नफा-तोटा आणि शेकडेवारीची, डिसेंबरनंतर घ्यायची. तिथे ‘२० टक्क्यांनी जास्त’ आहे, म्हणजे ‘ने’ परत येणार. सरांनी आत्ताच सांगून ठेवले आहे की त्या वेळी ते ऐकणार नाहीत.